टॅबवरचा आकडा जिवंत आहे का? रेसिंग गेमचा लाइव्ह डॅशबोर्ड, सिरसाळ्यातून

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही किंवा ज्यांना सेटिंग बघत बघत करायची आहे, त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. बोलताना जे आकडे आणि कोड नीट सांगता येत नाहीत, ते इथे लिहून दिलेत.

मी बोलतोय सिरसाळ्याहून. परळी तालुक्यातलं आमचं गाव, जिल्हा बीड. घर जुनं आहे, भिंती जाड आहेत. आतल्या खोलीत माझा सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप, बाहेर ओसरी, आणि शेजारी आमचे काका राहतात. घराची ही रचना लक्षात ठेवा, पुढे तिचाच सगळा घोळ आहे.

आजचा विषय असा: रेसिंग गेम खेळताना गाडीचा लाइव्ह डेटा, म्हणजे टेलिमेट्री, दुसऱ्या टॅबवर कशी दाखवायची. स्पीड, गिअर, टायरचं तापमान, इंधन. मी एफ१ २३ या गेमवर सांगतोय, कारण तोच माझ्याकडे आहे. पण सेटिंगपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट मला शिकायला एक शर्यत आणि बहिणीशी झालेलं एक भांडण लागलं. तीही सांगतो.

आधी हे चालतं कसं ते बघू. गेम चालू असताना तुमच्या गाडीची सगळी माहिती त्याच्याकडे असतेच. टेलिमेट्री चालू केली की गेम ती माहिती छोट्या छोट्या पाकिटांत भरतो आणि नेटवर्कवर एका पत्त्याकडे फेकत राहतो. 'फेकतो' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. या पद्धतीला यूडीपी म्हणतात. पेपरवाला सायकलवरून जाताना अंगणात पेपर फेकतो आणि पुढे जातो. तुम्ही घरी आहात का, पेपर मिळाला का, हे तो विचारत नाही. यूडीपी तसंच आहे. पाकीट पोचलं तर पोचलं, हरवलं तर गेम ते पुन्हा पाठवत नाही. गेमसाठी हे बरोबरच आहे, कारण अर्ध्या सेकंदापूर्वीचा स्पीड पुन्हा पाठवून कुणाला काय करायचाय? नवा आकडा मागून येतोच आहे.

आता सेटिंग. लॅपटॉप आणि टॅब दोन्ही एकाच वायफायवर पाहिजेत. घरात राउटर नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो, माझं तसंच आहे. आणि घाबरू नका, यात डेटा पॅक जात नाही. लॅपटॉपची पाकिटं हॉटस्पॉटमधून थेट टॅबकडे जातात, सिमकडे जात नाहीत. गाडीच्या स्पीड-गिअरचं एक पाकीट १३५२ बाइटचं असतं. सेकंदाला ६० वेळा पाठवलं तरी ते साधारण ८१ किलोबाइट होतात. बाकीची पाकिटं धरली तरी घरातल्या वायफायला हे ओझं नाही.

पहिलं काम म्हणजे टॅबचा पत्ता शोधणं. टॅबच्या वायफाय सेटिंगमध्ये, जोडलेल्या नेटवर्कच्या माहितीत आयपी अ‍ॅड्रेस दिसतो, समजा 192.168.1.23. तो कागदावर लिहून घ्या. मग गेमच्या सेटिंगमध्ये Telemetry Settings उघडा आणि हे असं भरा:

```
UDP Telemetry:      On
UDP Broadcast Mode: Off
UDP IP Address:     192.168.1.23
UDP Port:           20777
UDP Send Rate:      20Hz
UDP Format:         2023
```

पत्त्याच्या जागी आधी 127.0.0.1 लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'माझ्या स्वतःकडेच पाठव'. ते तसंच ठेवलं तर डेटा लॅपटॉपच्या बाहेर पडतच नाही. पहिल्यांदा करणारे इथेच अडकतात. मग टॅबवर डॅशबोर्डचं अ‍ॅप उघडा, त्यात गेम निवडा, पोर्ट 20777 ठेवा आणि गाडी ट्रॅकवर काढा. मेनूमध्ये बसून आकड्यांची वाट बघू नका, गाडी चालवल्यावरच स्पीड आणि गिअर येतात.

Broadcast Mode मी Off का ठेवायला सांगतोय, तेही सांगतो. On केलं की पत्ता लिहायची कटकट नाही, पाकीट नेटवर्कवरच्या सगळ्यांना जातं. म्हणून खूप जण तेच करतात. पण वायफायमध्ये दवंडी आणि नावानं पाठवलेलं पत्र यात फरक असतो. एकाच उपकरणाच्या नावानं पाठवलं तर वायफाय स्वतःच्या पातळीवर पोच घेतं, आणि पोच नाही आली तर लगेच पुन्हा पाठवून बघतं. दवंडीला पोच नसते. शिवाय ती हळू वेगानं पाठवली जाते, आणि एखादं उपकरण बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये असेल तर थांबवून ठेवून एकदम सोडली जाते. मग टॅबवर सुई झटके देत चालते. एकच टॅब असेल तर पत्ता लिहा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा रस्ता म्हणजे सिमहब. हा विंडोजवरचा प्रोग्राम आहे. गेमचा डेटा आधी तो लॅपटॉपवरच घेतो, आणि टॅबच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि पुढे :8888 टाकलं की डॅशबोर्ड दिसतो. तिथे गेममध्ये 127.0.0.1 हाच पत्ता बरोबर असतो. फक्त एक लक्षात घ्या. आता टॅब लॅपटॉपचं दार वाजवतोय, त्यामुळे विंडोजची फायरवॉल मध्ये येऊ शकते. विशेषतः तो हॉटस्पॉट विंडोजनं Public म्हणून धरला असेल तर. पान उघडतच नसेल तर आधी ते बघा.

एवढं झालं की आकडे दिसायला लागतात. मलाही दिसले. आणि मला वाटलं, काम झालं.

आता शर्यतीची गोष्ट. आम्ही काही मित्र ऑनलाइन लीग खेळतो. शेवटची फेरी मोंझाला होती, अर्ध्या अंतराची, २७ लॅपची. मी आणि एक मित्र गुणांमध्ये अगदी जवळ होतो. माझी धाकटी बहीण दहावीला आहे, टॅब तिचाच. ती म्हणाली, "दादा, मी तुझी इंजिनियर होते. तू नुसती गाडी चालव, आकडे मी वाचते." मला ते आवडलं. मी स्क्रीनवरचा माहितीचा चौकोन बंद केला, गेममधल्या इंजिनियरचा आवाजही बंद केला. आतल्या खोलीत उकडत होतं म्हणून ती टॅब घेऊन ओसरीवर बसली आणि दारातून ओरडून आकडे सांगायला लागली.

इंधनाचा आकडा कसा असतो तेवढं समजून घ्या. हा गेम टाकीत किती किलो आहे यापेक्षा सोपी गोष्ट दाखवतो: शर्यत संपेपर्यंत जेवढं लागेल त्यापेक्षा किती लॅपचं इंधन जास्त आहे. +1.0 म्हणजे एक लॅप पुरेल एवढं शिल्लक राहील. मायनस झालं तर तुम्ही शेवटच्या रेषेच्या आधी थांबणार.

सुरुवातीला सेफ्टी कार आली होती, सगळे हळू चालले, इंधन वाचलं. नवव्या लॅपला तिनं सांगितलं, "एक पॉइंट शून्य जास्त." मग मी जोर लावला. चौदाव्या लॅपला, "पॉइंट सहा जास्त." पंधराव्याला पॉइंट सहा. सोळाव्याला पॉइंट सहा. विसाव्याला, पंचविसाव्याला, पॉइंट सहा. मला वाटलं, वा, काय चालवतोय मी! म्हणून आणखी जोर लावला. शेवटच्या लॅपला दोन्ही लेस्मो वळणं पार केली, पुढे अस्कारी दिसत होतं, आणि गाडीचा दम गेला. इंधन संपलं. मित्र बाजूनं निघून गेला. मागचेही गेले.

मी काय केलं? हेडफोन काढला आणि तिच्यावर ओरडलो. "नीट वाचता येत नाही का?" ती टॅब माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "दादा, स्क्रीनवर होतं तेच वाचलं मी." मी बघितलं. शर्यत संपली होती, माझी गाडी ट्रॅकच्या कडेला उभी होती, आणि टॅबवर तरीही +0.6 दिसत होतं. लॅपच्या जागी १४. स्पीडच्या जागी ताशी २९१.

टॅब चौदाव्या लॅपलाच मेला होता. फक्त तो मेल्यासारखा दिसत नव्हता.

काय झालं होतं ते मग शोधलं. माझा मोबाइल, म्हणजे हॉटस्पॉट, आतल्या खोलीत लॅपटॉपजवळ होता. ओसरीपर्यंत मध्ये दोन जाड भिंती. सिग्नल पडला आणि टॅबनं स्वतःहून दुसरं ओळखीचं वायफाय पकडलं, शेजारच्या काकांचं. बहीण त्यांच्याकडे कधीतरी अभ्यासाला जायची, तेव्हाचा पासवर्ड सेव्ह होता. टॅबवर वायफायची खूण पूर्ण, इंटरनेट चालू, यूट्यूब लावलं असतं तर तेही चाललं असतं. पण लॅपटॉप माझ्या हॉटस्पॉटवर, टॅब काकांच्या वायफायवर. गेम आपला जुन्या पत्त्यावर पाकिटं फेकतोय, आणि त्या अंगणात कुणी राहतच नाही. यूडीपी पोच मागत नाही, म्हणून गेमला कळलं नाही. आणि आमचं डॅशबोर्ड अ‍ॅप नवा आकडा येईपर्यंत जुनाच दाखवत बसलं.

आता हिशोब करा. नऊ ते चौदा या पाच लॅपमध्ये शिल्लक 1.0 वरून 0.6 वर आली. म्हणजे लॅपमागे 0.08 कमी. चौदाव्यानंतर अजून १३ लॅप होते. १३ गुणिले 0.08 म्हणजे 1.04. शिल्लक 0.6, म्हणजे शेवटी 0.44 लॅपचं इंधन कमी पडणार. मोंझाचा एक लॅप ५.७९३ किलोमीटरचा. त्याचा 0.44 म्हणजे रेषेच्या साधारण अडीच किलोमीटर आधी. गाडी तिथेच थांबली. मी ज्या आकड्यावर खूश होतो, तोच सांगत होता की काहीतरी चुकतंय. आधी पाच लॅपमध्ये 0.4 नं पडलेला आकडा पुढे अचानक पडायचाच थांबला, हे मला खटकायला पाहिजे होतं.

यातून मला जे कळलं ते हे. डॅशबोर्डवर दोन जातीचे आकडे असतात. स्पीड, इंजिनचे फेरे, गिअर हे क्षणाक्षणाला बदलतात. ते गोठले तर कुणालाही कळतं. पण इंधन, टायरची झीज, टायरचं तापमान हे सावकाश बदलतात. ते गोठले तर कळत नाही, आणि नेमके निर्णय आपण त्यांच्यावरच घेतो. बहीण फक्त इंधनाचं पान मोठं करून बघत होती. तिची काहीच चूक नव्हती. चूक माझी, मी तिला असं पान दिलं की ज्यावर जिवंत-मेलेलं ओळखायची सोयच नव्हती.

म्हणून आता माझा पहिला नियम: डॅशबोर्डच्या प्रत्येक पानावर एक सतत पळणारी गोष्ट पाहिजे. लॅपचा चालू वेळ सगळ्यात चांगला, कारण गाडी सरळ रस्त्यावर एकाच स्पीडनं चालली तरी वेळ पळतच असतो. तो थांबला की बाकी सगळे आकडे शिळे.

दुसरा नियम वाचणाऱ्यासाठी. बहीण आता नुसतं "पॉइंट सहा" म्हणत नाही. आधी लॅप, मग आकडा. "लॅप चौदा, पॉइंट सहा." पुढच्या वेळी तिनं पुन्हा "लॅप चौदा" म्हटलं, की मला माहीत असतं मी पंधराव्यात आहे. एका शब्दात चोरी पकडली जाते. ही युक्ती तिचीच आहे, माझी नाही.

तिसरं म्हणजे शर्यतीच्या आधीची तपासणी. टॅबच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन बाकीच्या सेव्ह नेटवर्कचं आपोआप जोडणं बंद करायचं. टॅब तुमचाच असेल तर सरळ Forget करा. मग टॅबचा पत्ता पुन्हा बघायचा. राउटर असेल तर त्यात टॅबसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. हॉटस्पॉटला ती खात्री नाही. जुने अँड्रॉइड फोन हॉटस्पॉटवर 192.168.43 नं सुरू होणारे पत्ते द्यायचे, नव्यांमध्ये हॉटस्पॉट बंद करून चालू केला की सगळी मालिकाच बदलू शकते. म्हणून कालचा पत्ता आज चालेल असं धरू नका. मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
ping 192.168.1.23
```

उत्तर आलं तर रस्ता मोकळा. नाही आलं, आणि पत्ता तर बरोबर आहे, तर बहुतेक ते नेटवर्क आपल्या उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाही. हॉस्टेल, लायब्ररी, ऑफिसच्या वायफायवर हे मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. तिथे डोकं लावू नका, स्वतःचा हॉटस्पॉट काढा.

आणि पिंग जातोय, तरी डॅशबोर्ड कोरा असेल तर? मग दोष गेमकडे आहे की अ‍ॅपकडे, हे वेगळं करायला ही छोटी पायथन स्क्रिप्ट. टॅबवर पायड्रॉइडसारख्या अ‍ॅपमध्ये चालते. आधी डॅशबोर्डचं अ‍ॅप पूर्ण बंद करा, नाहीतर पोर्ट त्याच्याच ताब्यात राहतो.

```
import socket, struct
s = socket.socket(socket.AF_INET, socket.SOCK_DGRAM)
s.bind(("", 20777))
s.settimeout(1)
while True:
    try:
        d, who = s.recvfrom(2048)
        if d[6] == 6:
            t = struct.unpack_from("<f", d, 15)[0]
            print(who[0], round(t, 1))
    except socket.timeout:
        print("DATA BAND")
```

ही काय करते? पाकिटाच्या डोक्यावर कुठल्या जातीचं पाकीट आहे त्याचा नंबर असतो, 6 म्हणजे स्पीड-गिअरचं पाकीट. ते आलं की स्क्रिप्ट दोन गोष्टी छापते: पाठवणाऱ्या लॅपटॉपचा पत्ता आणि सत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद. एक सेकंदभर काहीच आलं नाही तर DATA BAND छापते. सेकंद पळताना दिसले तर गेम आणि वायफाय दोन्ही ठीक आहेत, दोष अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये. DATA BAND येत राहिलं तर गेममधला पत्ता किंवा पोर्ट पुन्हा बघा. गेममध्ये UDP Format 2023 च पाहिजे, कारण 2022 मध्ये त्या डोक्याची मांडणी वेगळी होती आणि तो 6 दुसऱ्या जागी असतो.

आम्ही एक चाचणीही घेतली. स्क्रिप्ट चालू ठेवून बहीण टॅब घेऊन घरभर फिरली. आतल्या खोलीत सेकंद सुरळीत, दारात सुरळीत, ओसरीच्या टोकाला गेली की अधूनमधून DATA BAND. आता हॉटस्पॉटचा मोबाइल आम्ही मधल्या दाराच्या फळीवर ठेवतो, लॅपटॉपशेजारी नाही. खर्च शून्य, आणि ओसरीवरही डेटा तुटत नाही.

शेवटी एक खरी गोष्ट, म्हणजे हे फक्त सिरसाळ्याच्या ओसरीवरच होतं असं वाटायला नको. २०२१ ची हंगेरियन ग्राँ प्री. अ‍ॅस्टन मार्टिनचा सेबॅस्टियन व्हेटेल दुसरा आला. शर्यतीनंतर तपासणीसाठी टाकीतून एक लिटर इंधन काढून द्यावं लागतं. त्याच्या गाडीतून निघालं फक्त ०.३ लिटर. संघ म्हणत होता, आमच्या मोजणीप्रमाणे टाकीत १.७४ लिटर असायला पाहिजे. पण बाहेर काही येईना. व्हेटेलला बाद केलं, दुसरा नंबर गेला. नंतर संघानं सगळ्या सेन्सरचा डेटा पुन्हा तपासला तेव्हा त्यांनाच कळलं की इंधन यंत्रणेत बिघाड होऊन इंधन वाया गेलं होतं आणि टाकीत खरंच एक लिटरपेक्षा कमी उरलं होतं. त्यांचा आकडा आमच्यासारखा गोठला नव्हता, कारण वेगळं होतं. पण स्क्रीनवरचा आकडा आणि टाकीतलं इंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनाही एका दुसऱ्या नंबरची किंमत मोजून कळलं.

लीग मी हरलो. बहिणीची माफी मागितली. तिनं लगेच नाही दिली, दोन दिवस टॅबच दिला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आली आणि म्हणाली, "लॅप नंबर आधी सांगत जाईन. पण ओरडायचं नाही." मान्य केलं. पुढच्या शर्यतीत सातव्या लॅपला तिचा आवाज आला, "लॅप सहा, पॉइंट नऊ... थांब दादा, हे शिळं आहे." मी लगेच गेममधला चौकोन उघडला आणि इंधन तिथे बघितलं.

तुमच्या टॅबवर आज संध्याकाळी एक गोष्ट करून बघा. डॅशबोर्ड चालू असताना मुद्दाम टॅबचं वायफाय बंद करा आणि बघा, तुमचं अ‍ॅप आकडे पुसतं, इशारा देतं, की जुनेच आकडे दाखवत बसतं. हे शर्यतीच्या आधी माहीत असलेलं बरं. भेटू पुढच्या भागात.